खालच्या ओठाच्या आत मऊ गाठ : दुखत नाही, पण जाऊन पुन्हा येतेय

रेवती_कांजूर

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

पावसाळा सुरू झाला त्या सुमारास ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका हातात फोन, एका हातात चमचा अशी जेवत होते आणि खालचा ओठ आतून कचकन चावला गेला. डावीकडे, सुळ्याच्या समोर. जरा रक्त आलं, दोन दिवस तिखट झोंबलं, मग विसरूनही गेले. पंधरा-वीस दिवसांनी त्याच जागी जिभेला काहीतरी लागायला लागलं. आरशासमोर ओठ उलटा करून बघितला तर आत एक गोल फुगवटा. ६-७ मिलिमीटरचा असेल. किंचित निळसर, वरची त्वचा ताणून चकचकीत झालेली. बोटाने दाबला की मऊ, आत पाणी असल्यासारखा हलतो. दुखत अजिबात नाही.

मग एकदा भाकरी खाताना तो फुटला. चिकट, तार धरणारं, पारदर्शक काहीतरी तोंडात आलं. चव जवळपास नाहीच. गाठ सपाट! मी खूश. पण आठवडाभरात परत तिथेच, तेवढीच. दोनेक महिने हाच खेळ चाललाय.

खालच्या मेडिकलवाल्याने तोंडात लावायचं जेल दिलं, त्याचा काही उपयोग नाही. सासूबाई म्हणतात सुईने फोडून टाक. नवरा रात्री मोबाइलवर कॅन्सरचे फोटो बघून स्वतःही झोपत नाही आणि मलाही झोपू देत नाही. वय २९. तंबाखू, मिश्री, गुटखा घरात कुणालाच नाही.

अजून थांबू की दाखवू? आणि दाखवायचं तर दातांच्या डॉक्टरला की कान-नाक-घसावाल्याला?

---

गुरुनाथ६८

तोंड आलंय. पोट साफ होतंय का? बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या रात्री जेवणानंतर घ्या, जाईची पानं चावून थुंका. आठ दिवसांत फरक पडेल. रात्रीची जागरणं कमी करा.

---

रेवती_कांजूर

काका, तोंड आलं की फोड असतो, मध्ये पांढरट आणि भोवती लाल, आणि मीठ लागलं तरी जीव जातो. ते मला दहावीपासून माहिती आहे. हे तसलं नाही. वरची त्वचा अख्खी आहे आणि दुखतच नाही.

---

सुलभाकाकू_गिरगाव

रेवती, अगं घाबरू नकोस. आमच्या चाळीत कितीतरी पोरांना झालेलं पाहिलंय. वाईट गाठ नसते ही. सुई गॅसवर लाल करायची, गार होऊ द्यायची, टोचून चिकट पाणी काढून टाकायचं आणि हळद-तूप लावायचं. माझ्या पुतण्याची अशीच गेली. डॉक्टरकडे गेलीस की कापाकापी आलीच.

---

पार्लेकर

ही लाळेची ग्रंथी आहे, एवढं नक्की. नळीत खडा अडकला की लाळ तुंबते आणि गाठ येते. माझ्या मेहुण्याला झालं होतं. उपाय सोपा आहे: लिंबाची फोड चोखायची, लाळ जोरात सुटते आणि खडा आपोआप बाहेर. भरपूर पाणी प्या. सुई अजिबात नको.

---

मिलिंद_डोंबिवली

हुबेहूब माझी गोष्ट. माझी उजवीकडे होती. सहा महिने अंगावर काढली, शेवटी एका क्लिनिकमध्ये कापून घेतली. दहा मिनिटांत काम झालं, टाकाही घातला नाही. दीड महिन्याने त्याच खुणेच्या शेजारी परत आली. आता मी तिच्याकडे लक्षच देत नाही. त्यामुळे कापून घ्या असं मी तरी सांगणार नाही. दंतकथा डॉक्टर या विभागात असतात, त्यांना कुणीतरी हाक मारा.

---

दंतकथा

हाक पोचली. तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया हेच माझं काम, दवाखाना दादरला. न बघता निदान करत नाही हे आधी सांगतो. पण रेवतीताईंनी लिहिलंय इतकं नीट, की ओपीडीत पेशंट एवढं सांगत नाहीत. चावल्याची आठवण, नंतर थोड्या दिवसांनी आलेली गाठ, खालचा ओठ आणि तोही मधोमध नव्हे तर सुळ्यासमोर, निळसर, मऊ, न दुखणारी, आणि फुटून पुन्हा भरणारी. हे म्यूकोसीलचं वर्णन आहे. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात बोलका. कॅन्सरची गाठ सोमवारी सपाट होऊन पुढच्या सोमवारी फुगत नाही. नवऱ्याला झोपू द्या.

आता आत काय झालंय ते. पार्लेकर, ग्रंथी लाळेची हे तुमचं बरोबर, पुढचं नाही. खडा होतो तो बहुतेक करून जबड्याखालच्या मोठ्या ग्रंथीच्या नळीत. त्यात जेवायला बसलं की जबड्याखाली फुगतं आणि ठणकतं. ओठाच्या आत मात्र शेकडो बारीक ग्रंथी आहेत. जिभेचं टोक खालच्या ओठाच्या आतून फिरवलंत तर कणकण लागतात, त्याच. त्यांची नळी अगदी तोकडी असते आणि दात लागला की तुटते. तुटल्यावर ग्रंथी थांबत नाही, तिची घट्ट लाळ बाहेर यायच्या ऐवजी ओठाच्या मांसात उतरत राहते. भिंतीतला पाइप फुटल्यावर रंगाखाली फुगा येतो ना, तसं. आपलं शरीर त्या सांडलेल्या लाळेभोवती कुंपण घालतं आणि ती गाठ म्हणून हाताला लागते.

लिंबू का चालत नाही तेही यातच आहे. मोठ्या ग्रंथी आंबट लागलं की जोरात सुटतात. ओठातल्या या बारक्या ग्रंथी कुणाची वाट न बघता दिवसरात्र थोडं थोडं झिरपत असतात. म्हणूनच ही गाठ जेवणाच्या वेळी फुगून नंतर उतरत नाही, ती काही दिवस घेत सावकाश भरते.

काकू, तुमच्या पुतण्याची गेली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. काही जातातच. गाठ फुटते, ग्रंथी दमून सुकते किंवा नळीला नवी वाट मिळते, आणि विषय संपतो. साधारण ३ ते ६ आठवड्यांत अशा किती तरी लहान गाठी आपल्याआप जातात, मुलांमध्ये जास्त. तेव्हा हळद लावली असेल तर श्रेय हळदीला. पण सुईने फक्त साठलेली लाळ निघते, पुरवठा चालूच राहतो. भोक तीन-चार दिवसांत बुजतं आणि गाठ परत भरते. रेवतीताईंची भाकरीने फुटली, सुईने वेगळं काय होणार? शिवाय घरच्या सुईने पू झाला तर जी गाठ दुखत नव्हती ती दुखायला लागेल.

आणखी एक. ओठात रक्तवाहिनीचा निळा फुगाही असतो आणि दिसायला जवळपास असाच. तो बोटाने दाबून धरला की रिकामा होऊन फिका पडतो आणि सोडला की परत निळा. म्यूकोसील दाबल्याने आत-बाहेर हलेल, पण अशी रिकामी होत नाही. रक्तवाहिनीच्या फुग्यात कुणी सुई घातली तर टॉवेल भिजेल.

---

रेवती_कांजूर

डॉक्टर, खूप आभार. आत्ता दाबून बघितलं, रंग बदलत नाही. मग दोन महिने झाले म्हणजे माझी आपोआप जाणाऱ्यातली नाही, असंच ना?

---

दंतकथा

नाहीच असं छातीठोक सांगता येत नाही, पण आशा कमी. तीन-चारदा फुटून भरली म्हणजे ग्रंथी अजून जोमात आहे. अजून एक फरक पुढे दिसेल. प्रत्येक वेळी फुटल्यावर वरची त्वचा भरून येताना जाड होते. निळसर झाक जाते, पांढरट होते, हाताला घट्ट लागते. मग ती गाठ साध्या मांसाच्या गाठीसारखी दिसायला लागते, बघणाराही फसतो आणि कापायलाही किचकट जाते.

कुणाला दाखवायचं : तोंडाची शस्त्रक्रिया करणारा दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा, दोघांपैकी कुणीही. तुम्हाला जवळचं बघा. खासगीत जायचं नसेल तर मुंबई सेंट्रलला नायरचं डेंटल कॉलेज आहे, सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि ओरल सर्जरी विभाग विचारा.

आणि एक विनंती. दाखवायला जाताना गाठ फोडून जाऊ नका. पेशंट लाजेने आदल्या रात्री फोडून येतात. सपाट ओठात मी काय शोधू? भरलेली असली की तिची कड दिसते.

---

कानाकोपरा

मी कान-नाक-घसा, ठाणे. दंतकथांशी नव्वद टक्के सहमत. दोन महिन्यांवर कापायची घाई मी करत नाही, एवढाच फरक. गाठ सेंटीमीटरच्या आत आहे, दुखत नाही, चावली जात नाही, पेशंट तरुण आहे, तर मी तीन महिने वाट बघतो. मधल्या काळात ओठ चोखायची, चावायची सवय बंद. अर्ध्या लोकांना आपण दिवसभर त्या गाठीशी जिभेने खेळतोय याचा पत्ता नसतो. काही जणांना गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बघतो, त्यातल्या काहींची गाठ बसते.

---

दंतकथा

इंजेक्शनवाल्या परत आलेल्या मी बऱ्याच बघितल्यात, अर्थात बसलेल्या माझ्याकडे येणारच नाहीत, तेव्हा यावर भांडत नाही. थांबण्याबद्दलही भांडण नाही, फक्त थांबायचं तर डोळे उघडे ठेवून. गाठ नुसती वाढतच चालली, मधे कधी उतरलीच नाही, हाताला टणक लागायला लागली, वर जखम होऊन दोन आठवड्यांत भरली नाही, यातलं काहीही झालं की तीन महिन्यांचा हिशेब रद्द.

---

मिलिंद_डोंबिवली

डॉक्टर, माझी परत का आली? ज्याने कापली तो म्हणाला होता पिशवी पूर्ण काढली.

---

दंतकथा

तुमचं ऑपरेशन मी पाहिलेलं नाही, त्यामुळे कुणावर बोट ठेवत नाही. पण पिशवी हा शब्द आला म्हणून सांगतो. गाठीला स्वतःची खरी पिशवी बहुधा नसतेच, ते मघाशी म्हटलेलं कुंपण असतं. मुद्दा पिशवीचा नाहीच, तिला लाळ पुरवणाऱ्या ग्रंथींचा आहे.

बधीर करायचं इंजेक्शन मी गाठीत देत नाही, नाहीतर ती फुगून कड हरवते. हनुवटीजवळ नस बधीर करतो किंवा गाठीपासून लांब भोवताली देतो. मदतनीस ओठ दोन बोटांत दोन्हीकडून दाबून बाहेर वळवून धरतो, त्याने रक्तही आटोक्यात राहतं. आतल्या नाजूक त्वचेवर छोटा लांबट छेद. गाठ फुटू न देता मोकळी करायची, हे बोलायला सोपं आहे. गाठ निघाली की जखमेच्या तळाशी आणि कडांवर फिकट पिवळसर दाण्यांचे बारके घोस डोकावतात. खरं ऑपरेशन इथे सुरू होतं. ते दाणे एकेक उचलून काढायचे. दहा मिनिटांत गाठ निघते, पुढची दहा-पंधरा मिनिटं या दाण्यांची. तीच वाचवली की दीड महिन्याने पेशंट परत.

दुसरं कारण टाक्याचं. सुई शेजारच्या चांगल्या ग्रंथीतून गेली तर तिची नळी तुटते आणि खुणेच्या बाजूला नवी गाठ उभी राहते. म्हणून काठावरचे दाणे आधीच काढून मग टाके घालतो. तुमच्या बाबतीत टाकाच नव्हता, त्यामुळे पहिलं कारण जास्त संभवतं. तिसरं कारण तुम्हीच सांगा: अजून ओठ चावता का?

---

मिलिंद_डोंबिवली

गाडीत उभा असलो की चावतो. बायकोने सांगितलं तेव्हा कळलं.

---

ईशानची_आई

मधेच घुसतेय, सॉरी. माझा मुलगा ८ वर्षांचा. खालच्या ओठात अशीच छोटी गाठ, ४-५ मिलिमीटर. तो अभ्यासाला बसला की ओठ आत ओढून चोखत बसतो. आमच्या मुलांच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की कापायची गरज नाही, गाठीतून नुसता दोरा ओवून ठेवतात आणि आठवड्याने काढतात. हे खरंच असतं का? ऐकूनच पोटात गोळा आला.

---

कानाकोपरा

असतं. वरचं कातडं फक्त बधीर करतात, गाठीच्या सगळ्यात रुंद भागातून जाड रेशमी दोरा आरपार ओवतात आणि सैल गाठ मारतात. ७ ते १० दिवस ठेवतात. दोऱ्याच्या कडेने लाळ बाहेर येत राहते आणि तेवढ्यात तिला नवी वाट तयार होते असा हिशेब. मुलांना सोसतं, दोन मिनिटांत होतं. वरवरच्या, निळसर, सेंटीमीटरच्या आतल्या गाठीसाठी ठीक. खोल गाठीला उपयोग नाही. मी स्वतः मुलांमध्ये पहिल्यांदा हेच करतो.

---

दंतकथा

मी आधी चोखायची सवय सोडवतो आणि दोन महिने काहीच करत नाही. चोखणं चालू असताना दोरा ओवला तर तो मुलगा दोरासुद्धा चोखेल. मग गाठ राहिलीच तर दोरा किंवा कापणं, मूल किती शांत बसतं त्यावर. दोऱ्याने काही परत येतात, हे त्यांनाही मान्य असेल.

---

कानाकोपरा

मान्य. कापलेल्याही येतात.

---

ईशानची_आई

म्हणजे तुमचं दोघांचं एकमत नाही. बरं, आधी चोखणं बंद करायच्या मागे लागते. धमकी उपयोगी पडेल का हो?

---

सुलभाकाकू_गिरगाव

धमकी नको गं. कडुनिंबाचं पाणी लाव ओठाला. आमच्या अंगठे चोखणाऱ्यांवर रामबाण होतं.

---

होमिओप्रेमी

थुजा २०० आठवड्यातून एकदा. माझ्या मुलीची महिन्यात गेली. कापायची घाई करू नये.

---

दंतकथा

महिन्यात बऱ्याच जातात, वर लिहिलंच आहे. थुजाला मी ना नाही म्हणत, ना हो.

---

चिंतामणी_लालबाग

धागा वाचून बरं वाटलं, कारण आमच्या बाबांनाही अशीच गाठ आहे. वय ६१. वरच्या ओठाच्या आत, वर्ष तरी झालं असेल. दुखत नाही म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. चावल्याचं आठवत नाही. हाताला सुपारीसारखी टणक लागते. पूर्वी तंबाखू खायचे, आता बंद. म्हणजे हेही म्यूकोसीलच ना? तीन महिने थांबलं तर चालेल?

---

दंतकथा

चिंतामणी, थांबा. वरचं सगळं रेवतीताईंच्या गाठीबद्दल आहे, तुमच्या बाबांना लावू नका. वरच्या ओठात चावल्याने होणारी म्यूकोसील क्वचित. सुळ्याची मार खालच्या ओठाला बसते, वरच्या नाही. वय साठीचं, चावल्याची आठवण नाही, टणक, वर्षभर एकदाही उतरलेली नाही. यातली एकही खूण म्यूकोसीलच्या बाजूने बोलत नाही.

घाबरवायचं नाहीये. वरच्या ओठात लाळग्रंथीच्या साध्या गाठीही होतात आणि काढल्या की विषय मिटतो. पण साधी की दुसरी, हे बोटाने किंवा फोटोवरून ठरत नाही. तुकडा तपासावाच लागतो. या आठवड्यात दाखवा. दुखत नाही ही इथे दिलासा देणारी गोष्ट नाही.

---

चिंतामणी_लालबाग

बाबा म्हणतात गणपती होऊ देत. लालबागला राहून गणपतीत दवाखाना म्हणजे...

---

कानाकोपरा

गणपतीआधी. यावर माझं आणि दंतकथांचं पूर्ण एकमत आहे.

---

रेवती_कांजूर

थोडी माहिती देते. गेल्या आठवड्यात दाखवलं. डॉक्टरांनी आधी दोन बोटांत धरून बघितलं, मग माझा वरचा डावा सुळा बघितला. त्याचं टोक तुटून कड धारदार झाली होती, ओठ मिटला की बरोबर त्या जागी टेकते. मला आयुष्यात कधी जाणवलं नव्हतं. ती कड पाच मिनिटांत घासून गुळगुळीत केली आणि काल गाठ काढली.

इंजेक्शनची टोच सोडली तर दुखलं काहीच नाही. ओठ ओढल्यासारखा वाटत होता, कात्रीचा बारीक आवाज ऐकू येत होता. मधे म्हणाल्या, "ही गाठ आली, आता दाणे". मला इथलं वाचलेलं आठवून हसूच यायला लागलं, तर ओरडल्या, "ओठ हलवू नका". चार टाके घातले, विरघळणारे आहेत. गाठ छोट्या बाटलीत घालून तपासायला पाठवली. मी विचारलं साधीच आहे ना, मग कशाला? म्हणाल्या, काढलं ते तपासायचंच.

आज ओठ मधमाशी चावल्यासारखा सुजलाय. टाक्यांवर पांढरट थर दिसतोय. पू आहे का?

---

दंतकथा

सुळ्याची कड बघितली म्हणजे बाई जाणकार आहेत. ती राहिली असती तर नवी जखम तिथेच झाली असती.

पांढरट थर पू नाही. तोंडातली जखम ओली असते, तिच्यावर खपलीऐवजी असा थर धरतो. खरवडू नका. पू असेल तर ठणका वाढेल, ताप येईल, घाण वास येईल आणि सूज तिसऱ्या दिवसानंतर उतरायच्या ऐवजी वाढेल. सूज दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग ओसरते. गार पेज, ताक, दहीभात चालेल. तिखट आणि कुरकुरीत आठवडाभर नको. जिभेने टाके मोजू नका.

---

सुलभाकाकू_गिरगाव

बरं झालं गं काढलीस. मऊ भात-वरण खा, लोणच्याला हात लावू नकोस.

---

रेवती_कांजूर

रिपोर्ट आला. भाषा कळली नाही, पण तात्पर्य असं की त्वचेखाली सांडलेली लाळ, भोवती सुजलेल्या पेशी, आतून अस्तर नाही, आणि शेजारी लाळग्रंथीचे तुकडे. कॅन्सरचं काही नाही. टाके बहुतेक गळाले, एक राहिलाय.

एकच शंका. टाक्याच्या खाली ओठाचा चिंचोक्याएवढा भाग अजून बधीर आहे. चहा गरम आहे हे तिथे कळतच नाही. राहणार का असं?

---

दंतकथा

"शेजारी लाळग्रंथीचे तुकडे" ही त्या रिपोर्टातली माझ्या आवडीची ओळ. दाणे काढले गेले याची ती पावती. परत येण्याची शक्यता शून्य होत नाही, पण खूप उतरते. मिलिंद, तुमचा जुना रिपोर्ट असेल तर बघा, त्यात ग्रंथीचा उल्लेख आहे का.

बधिरपणा बहुतेकांचा काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत जातो. तिथे स्पर्शाच्या बारीक तारा दाण्यांमधूनच जातात, दाणे काढताना थोड्या दुखावतात. मुंग्या यायला लागल्या तर समजा परत येतंय. अधूनमधून काहींना छोटा ठिपका राहतो. तोवर चहा ओठाच्या उजव्या बाजूने घ्या, भाजलेलंही कळणार नाही.

---

मिलिंद_डोंबिवली

रिपोर्टच नाही, त्यांनी पाठवलीच नव्हती तपासायला. आता माझी घट्ट आणि पांढरी झालीय. उतरणं-चढणं बंद होऊन वर्ष झालं. आधी चावायची सवय सोडून दोन महिने बघू, की सरळ काढू?

---

कानाकोपरा

उतरत नाही म्हणजे दोन महिन्यांनी काय वेगळं दिसणार? काढून तपासायला पाठवा. सवय मात्र आजच सोडा, नाहीतर तिसऱ्यांदा याल.

---

चिंतामणी_लालबाग

बाबांना आज नायरला नेलं. केसपेपर काढायला पाऊण तास, तपासायला दोन मिनिटं. गाठ हलते आहे, वरची त्वचा शाबूत आहे म्हणाले, आणि अख्खी गाठ काढूनच तपासू, तुकडा घेणार नाही. पुढच्या गुरुवारची तारीख दिली आहे. आधी रक्त तपासायचंय. बाबांना रक्तदाब आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती बंद करायची का?

---

दंतकथा

स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी ती गोळी दिली त्यांना फोन करा आणि चिठ्ठी घेऊन गुरुवारच्या आत नायरला दाखवा. ओठावरचं रक्त दाबून थांबवता येतं, त्यामुळे बरेचदा गोळी चालू ठेवूनच करतात, पण ते त्या दोघांनी ठरवायचं.